झेंडा की सापळा? फ्लॅग आणि ट्रँगल ओळखताना आकाराआधी काय पाहायचं

शेअरच्या भावाच्या चार्टवर फ्लॅग, म्हणजे झेंड्यासारखा आकार, शोधायला शिकलं की पहिले काही महिने जिकडेतिकडे फ्लॅगच दिसायला लागतात. दोन समांतर रेषा कुठेही बसतात, एकमेकींकडे सरकणाऱ्या दोन रेषाही कुठेही बसतात. मीही तेच करायचो. कॅन्डल्सच्या गर्दीत रेषा ओढायच्या, आकार जमला की खूश व्हायचं आणि ब्रेकआउटला, म्हणजे भाव रेषेबाहेर पडला की, उडी मारायची. नंतर आपलेच जुने चार्ट मागे जाऊन पाहिले, तेव्हा कळलं की चाललेल्या आणि फसलेल्या फ्लॅगच्या आकारात फारसा फरकच नव्हता. फरक होता आकाराच्या डावीकडे आणि आकाराच्या खाली. डावीकडे म्हणजे आधीची चाल, आणि खाली म्हणजे व्हॉल्यूमचे, रोज किती शेअर हात बदलले ते दाखवणारे, खांब.

हा लेख तेवढ्याच दोन गोष्टींबद्दल आहे. उदाहरणं तेजीची आणि डेली चार्टवरची घेतली आहेत. मंदीत हेच उलटं करून पाहायचं, फक्त एका ठिकाणी उलटं करून चालत नाही, ते पुढे येईलच.

आधी आकार झाकून टाका

चार्टवर फ्लॅग दिसला असं वाटलं की तो भाग हाताने झाका आणि फक्त डावीकडचं पाहा. तिथे एक तीव्र, जवळजवळ उभी चढण आहे का? हाच पोल, म्हणजे झेंड्याची काठी. काठी नसेल तर झेंडा नाही, नुसतं फडकं आहे.

काठी म्हणायला तिच्यात काय हवं? एक, वेग. भाव थोड्याच सत्रांत बरंच अंतर कापून गेलेला हवा, आणि वाटेत लाल कॅन्डल्स अगदी मोजक्या आणि लहान असाव्यात. दोन, सुरुवात. चाल एखाद्या रेंजमधून बाहेर पडून सुरू झालेली असेल, म्हणजे बरेच दिवस भाव एका पट्ट्यात अडकला होता आणि तो पट्टा तोडून निघाला, तर ती काठी ताजी. तीच चाल वर्षभराच्या तेजीच्या शेवटी आलेली असेल तर ती कितीही देखणी दिसली तरी मी तिला अर्धेच गुण देतो. तीन, व्हॉल्यूम. काठीच्या दिवसांत रोजच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त शेअर हातोहात फिरलेले असावेत. भाव वर गेला पण व्हॉल्यूम नेहमीइतकाच राहिला, तर मोठ्या खरेदीने भाव वर नेला असं म्हणता येत नाही. विकणारे काही दिवस गप्प बसले, एवढंच म्हणता येतं. आणि गप्प बसलेले विक्रेते परत येतात.

फ्लॅग आणि ट्रँगलना कंटिन्युएशनचे, म्हणजे आधीची चाल पुढे चालू ठेवणारे, आकार म्हणतात, पण हा शब्द आपण सैलपणे वापरतो. चालू ठेवायला आधी काहीतरी चालू असायला हवं. आडव्या बाजाराच्या मधोमध तयार झालेला त्रिकोण कशाचंच कंटिन्युएशन नसतो. तो कुठेही फुटू शकतो.

आता हात काढा आणि विश्रांती मोजा

काठीनंतर भाव थांबतो. फ्लॅगमध्ये तो दोन समांतर रेषांमध्ये चालीच्या विरुद्ध दिशेला हळूहळू कलतो, म्हणजे तेजीत किंचित खाली. रेषा समांतर न राहता एकमेकींकडे आल्या आणि सगळं दोन-तीन आठवड्यांत आटोपलं, तर त्याला पेनंट म्हणतात. त्याचे नियम फ्लॅगचेच. ट्रँगल यांच्यापेक्षा मोठा असतो, त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात.

इथे दोन मोजमापं पुरतात. पहिलं, भाव काठीच्या किती टक्के परत आला. एक तृतीयांशाच्या आसपास असेल तर उत्तम, निम्म्यापर्यंत चालतं. निम्म्याहून जास्त गिळलं गेलं तर मी त्याला फ्लॅग म्हणणं सोडून देतो, कारण काठीवर वरच्या भागात खरेदी केलेले सगळे तोपर्यंत तोट्यात गेलेले असतात आणि भाव थोडा वर आला की ते सुटका करून घ्यायला विकतात. दुसरं, वेळ. डेली चार्टवर फ्लॅग एक ते तीन आठवड्यांत संपावा. चार आठवडे उलटले की तो शिळा झाला. काठीच्या वेळी जी घाई होती ती इतका वेळ टिकत नाही.

एका गोष्टीकडे लोक दुर्लक्ष करतात, ती म्हणजे फ्लॅगचा कल. तेजीत फ्लॅग खाली कललेला किंवा आडवा चांगला. वर कललेला, दर वेळी किंचित नवा उच्चांक करणारा आणि रेषा जवळ येत चाललेला आकार दिसायला जास्त जोरदार वाटतो, पण तो बहुधा रायझिंग वेज असतो. त्यात खरेदीदार दर वेळी कमी अंतर कापत असतात, आणि तो खाली फुटण्याकडे झुकलेला असतो.

व्हॉल्यूम आटणं म्हणजे नेमकं काय

सगळी मेख इथे आहे, म्हणून जरा रेंगाळू या.

जोरदार चढणीनंतर शेअर कोणाकडे असतात? बहुतेक अशांकडे, जे नफ्यात आहेत आणि ज्यांना विकायची घाई नाही. थोडे लोक नफा काढून घेतात, त्यामुळे भाव खाली सरकतो. नवे खरेदीदार आणखी स्वस्त मिळेल म्हणून थांबलेले असतात. दोन्ही बाजूंना घाई नसते, म्हणून फार थोडे शेअर हात बदलतात. खरी विश्रांती ही अशी दिसते: भाव थोडा खाली, व्हॉल्यूम खूप खाली.

उलट शिखरावर काय होतं? ज्यांच्याकडे मोठा साठा आहे ते विकायला लागलेले असतात, आणि उशिरा जागे झालेले उत्साही लोक तो माल घेत असतात. भाव एका पट्ट्यात अडकतो, म्हणून चार्टवर आकार फ्लॅगसारखाच उमटतो. पण खाली व्हॉल्यूम आटत नाही. शेअर धडाधड हात बदलतात आणि भाव जागचा हलत नाही. यालाच डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. दोन चार्ट शेजारी ठेवले तर वरचं चित्र जुळं वाटेल, खालचं चित्र वेगळं असेल.

आता मोजायचं कसं? बहुतेक जण व्हॉल्यूमवर २० दिवसांची सरासरी लावतात आणि आजचा खांब तिच्याखाली आहे की नाही ते पाहतात. फ्लॅगच्या बाबतीत हे फसवतं. काठीचे सगळे भरगच्च दिवस त्या २० दिवसांत घुसलेले असतात, सरासरी फुगलेली असते, त्यामुळे फ्लॅगमधला जवळजवळ कुठलाही दिवस सरासरीपेक्षा कमीच दिसतो. आटला आटला म्हणून आपण खूश होतो आणि प्रत्यक्षात व्हॉल्यूम जुन्या दिवसांच्या दीडपट असतो.

म्हणून मी माप एका जागी बांधून ठेवतो. काठी सुरू होण्याआधीच्या शांत काळातली, साधारण २० ते ३० सत्रांची सरासरी काढायची आणि तो आकडा लिहून ठेवायचा. तो बदलायचा नाही. फ्लॅगच्या शेवटच्या काही दिवसांत व्हॉल्यूम त्या आकड्याच्या आसपास किंवा खाली आला पाहिजे.

आणि एकूण व्हॉल्यूमवर थांबायचं नाही. फ्लॅगमधले लाल दिवस वेगळे काढा, हिरवे वेगळे, आणि दोन्हींची सरासरी पाहा. निरोगी फ्लॅगमध्ये लाल दिवस हलके असतात. लाल दिवशीच व्हॉल्यूम फुगत असेल आणि हिरवे दिवस फिके असतील, तर सरासरी आटलेली दिसली तरी मला तो आकार नको.

एक चार्ट पूर्ण सोडवून

आकडे समजायला सोपे जावेत असे घेतले आहेत.

एक शेअर सहा आठवडे १८० ते २०० च्या पट्ट्यात आहे. या काळात रोज सरासरी ४ लाख शेअर फिरतात. हा आपला बांधलेला आकडा. मग एक दिवस तो २०० तोडून वर बंद होतो आणि सात सत्रांत २५० गाठतो. त्या सात दिवसांचा व्हॉल्यूम लाखांत असा: ११, ९, १२, ८, १०, ७, १३. सरासरी १० लाख, म्हणजे शांत काळाच्या अडीचपट. काठीची उंची ५० अंक, भावाच्या २५ टक्के, आणि सुरुवात रेंज तोडून झालेली. काठी पास.

पुढची नऊ सत्रं भाव घरंगळतो. वरची रेषा २५० पासून रोज साधारण एक अंकाने उतरते, खालची रेषा तिला समांतर, सहा अंक खाली. नवव्या दिवशी तळ २३५. काठीच्या ५० पैकी १५ अंक परत आले, म्हणजे ३० टक्के. वेळ दोन आठवड्यांच्या आत. तेही पास.

व्हॉल्यूम पाहू: ७, ६, ५, ४.५, ४, ३.५, ३, ३, ३. फ्लॅगच्या पाचव्या दिवशी चालती २० दिवसांची सरासरी सुमारे ६.४ लाख येते. त्या मापाने दुसऱ्या दिवसाचे ६ लाखही आटलेले वाटले असते. आपल्या ४ लाखांच्या मापाने ते दीडपट आहेत, म्हणजे अजून गर्दी पांगलेली नाही. खरी शांतता सहाव्या दिवसापासून आहे, जेव्हा आकडा ४ च्या खाली जातो. शेवटचे तीन दिवस तर जुन्या रेंजपेक्षाही शांत आहेत, आणि भाव मात्र त्या रेंजच्या ३५ अंक वर टिकून आहे. विकायला कोणी उरलं नाही असं म्हणायचं ते याला.

दहाव्या दिवशी वरची रेषा २४० वर आहे. भाव तिला ओलांडून २४५ ला बंद होतो, व्हॉल्यूम ९ लाख, म्हणजे आदल्या दिवसाच्या तिप्पट. हा ब्रेकआउट. दिवसभरात रेषेच्या वर डोकावणं मी मोजत नाही, बंद भाव वर हवा.

स्टॉपलॉस फ्लॅगच्या तळाच्या थोडा खाली, समजा २३३. खरेदी २४५ ला, म्हणजे धोका १२ अंकांचा. टार्गेटसाठी काठीची उंची वापरतात. काही जण ती ब्रेकआउटच्या जागेपासून मोजतात, तेव्हा २९० येतं. मी फ्लॅगच्या तळापासून मोजतो, तेव्हा २८५ येतं, आणि मी तेच धरतो. १२ च्या धोक्यासमोर ४० अंक. हे टार्गेट वचन नाही. अर्ध्या वाटेवर भाव अडखळला आणि व्हॉल्यूम पुन्हा फुगून भाव हलेना, तर मी २८५ ची वाट पाहत बसत नाही. आणि ब्रेकआउटनंतर भाव पुन्हा फ्लॅगच्या आत बंद झाला तर स्टॉपलॉस लागायचीही वाट पाहत नाही. तोडलेली रेषा बाहेरून शिवून परत फिरणं चालतं, आत जाऊन बसणं नाही.

तसाच दिसणारा, पण उलटलेला

दुसरा शेअर. हाही २५० वर आहे आणि याच्याही चार्टवर खाली कललेल्या दोन समांतर रेषा आहेत.

डावीकडे पाहिलं तर तो १४ महिन्यांत १२० वरून इथे आलाय, वाटेत तीन वेळा थांबून. शेवटची चाल २२६ ते २५० ही २५ सत्रं चालली. व्हॉल्यूम रोज ४ ते ५ लाख, आणि त्याआधीची सरासरीही ४ लाखच. म्हणजे काठी म्हणावी असं काही नाहीच, भाव नुसता चालत वर आलाय. इथेच मी वही मिटायला हवी.

तरी पुढे बघू. १४ सत्रांत भाव २४० पर्यंत येतो. २४ पैकी १० अंक परत, म्हणजे ४२ टक्के, नियमात बसतं. पण लाल दिवसांचे आकडे ८, ७, ९ लाख असे आहेत आणि हिरवे दिवस ३.५ ते ४ लाखांचे. भाव फार पडत नाही म्हणून सगळे निवांत असतात, पण खाली माल निघतोय. मग एक दिवस भाव वरची रेषा तोडून २५१ ला बंद होतो, व्हॉल्यूम ५ लाख. आकार पाहणारे सगळे इथे आत शिरतात. दुसऱ्या दिवशी भाव २४६ ला, पुन्हा रेषेच्या आत, आणि त्या दिवसाचा व्हॉल्यूम ९ लाख. पुढच्या काही सत्रांत २४० चा तळ तुटतो आणि भाव थेट २२६ ला, चाल जिथून सुरू झाली तिथे.

मी अशा चार्टमध्ये एकदा बऱ्यापैकी मोठी पोझिशन घेऊन अडकलो होतो. रेषा मी स्वतः ओढल्या होत्या आणि त्यांच्यावर माझा फार जीव होता. व्हॉल्यूमची खिडकी मात्र चार्टला जागा हवी म्हणून बंद करून ठेवली होती.

ट्रँगलला वेगळी वागणूक

ट्रँगलमध्ये व्हॉल्यूम आटतो तो जवळजवळ नेहमीच. पट्टा अरुंद होत गेला की दोन्ही बाजूंचे ट्रेडर वाट पाहत बसतात. म्हणून सममित त्रिकोणात, जिथे वरची रेषा उतरते आणि खालची चढते, तिथे आटलेला व्हॉल्यूम दिशा सांगत नाही. तो फक्त सांगतो की आकार खरा आहे. दिशेचा कल आधीच्या चालीतून घ्यायचा, आणि निर्णय बंद भावावर सोडायचा. चढत्या त्रिकोणात वरची रेषा आडवी असते आणि तळ उंचावत जातात, उतरत्यात उलटं. पण तेजीच्या शेवटी आलेला उतरता त्रिकोण शिखरही असू शकतो, म्हणून तिथेही नावावर जाऊ नका.

समजा भाव ३०० वरून ३८० ला गेला आणि मग अडकला. पहिला तळ पाचव्या सत्राला ३५०, मग बाराव्या सत्राला शिखर ३७४, सतराव्याला तळ ३५६. दोन शिखरं आणि दोन तळ मिळाले, रेषा ओढता येतात. याहून कमी स्पर्शांवर ओढलेला त्रिकोण कल्पनेतला असतो. या रेषा पुढे वाढवल्या तर ३२-३३ व्या सत्राला एकमेकींना भेटतात. ते टोक, ॲपेक्स.

चांगला ब्रेकआउट रुंद बाजूपासून टोकापर्यंतच्या वाटेवर निम्मं अंतर ते तीन चतुर्थांश अंतर यादरम्यान येतो. इथे म्हणजे साधारण १६ ते २४ व्या सत्रात. २१ व्या सत्राला वरची रेषा ३६९.५ वर आहे आणि भाव वाढत्या व्हॉल्यूमने तिच्यावर बंद झाला, तर घ्यावा. टार्गेटला त्रिकोणाची उंची, ३८० वजा ३५० म्हणजे ३० अंक, जोडली की ३९९.५, म्हणजे ४०० च्या जवळ. भाव तसाच घोटाळत ३० व्या सत्रापर्यंत टोकाशी पोचला तर मात्र तो चार्ट सोडून द्यायचा. तिथे रेषा इतक्या जवळ असतात की एखादा क्षुल्लक सौदाही ब्रेकआउटसारखा दिसतो, आणि त्याला काही अर्थ नसतो.

मंदीत काय बदलतं

बेअर फ्लॅगमध्ये सगळं उलटं: काठी खाली, झेंडा वर कललेला, उसळीत व्हॉल्यूम आटलेला. पण खाली फुटताना मोठा व्हॉल्यूम लागतोच असं नाही. वर जायला पैसे लागतात, खाली यायला खरेदीदारांची गैरहजेरी पुरते. म्हणून हलक्या व्हॉल्यूमवर खाली तुटलेला फ्लॅग नाकारू नका. वरच्या ब्रेकआउटला मात्र व्हॉल्यूमची सवलत देऊ नये.

व्हॉल्यूम कुठे खोटं बोलतो

इंट्राडे चार्टवर ही पद्धत जशीच्या तशी लावली की घोळ होतो. बाजार उघडताना आणि बंद होताना गर्दी असते, मधल्या तासांत बाजार पेंगतो. सकाळची तेजी ही काठी आणि दुपारचा घसरता भाव हा फ्लॅग धरला तर व्हॉल्यूम दर वेळी आटलेलाच दिसणार, कारण तो दुपारी रोजच आटतो. तिथे तुलना गेल्या काही दिवसांच्या त्याच वेळेशी करावी लागते.

स्पॉट फॉरेक्समध्ये एकच मध्यवर्ती बाजार नसतो, त्यामुळे तुमच्या स्क्रीनवरचा व्हॉल्यूम बहुधा भाव किती वेळा बदलला याची मोजणी असतो, किंवा एकाच ब्रोकरपुरता असतो. तिथे मी व्हॉल्यूमचा पुरावा अर्धाच धरतो आणि काठीचा दर्जा जास्त कडक लावतो. फ्युचर्समध्ये रोलओव्हरच्या दिवसांत जुन्या करारातून नव्या करारात जाणारा व्हॉल्यूम वेगळा काढल्याशिवाय काही ठरवू नये. शेअरचा स्प्लिट किंवा बोनस झाला असेल तर भावाबरोबर जुना व्हॉल्यूमही समायोजित झालाय का ते तपासा. नाहीतर बांधलेला आकडाच चुकतो. एकाच मोठ्या ब्लॉक सौद्याने फुगलेला दिवसही सरासरीतून वगळा.

आणि कंपनीचे निकाल फ्लॅगच्या मध्यात येणार असतील, तर व्हॉल्यूम आटण्याचं कारण वेगळं असतं. लोक विश्रांती घेत नसतात, बातमीची वाट पाहत असतात. ती आल्यावर भाव तुमच्या स्टॉपलॉसवरून उडी मारून खाली उघडू शकतो, आणि मग २३३ ला ठेवलेला स्टॉप २२० ला भरला जातो. अशा वेळी मी निकाल लागेपर्यंत बाहेर बसतो आणि नंतर चार्ट पुन्हा पहिल्यापासून, डावीकडून पाहतो.